डक्टमधून पसरणारा धूर आणि त्याला अडवणारी झडप

केंद्रीय वातानुकूलन असलेल्या इमारतीत हवेच्या दोन वाटा असतात. एका वाटेने गार केलेली हवा खोल्यांमध्ये जाते, तिला सप्लाय म्हणतात. दुसऱ्या वाटेने खोल्यांतली थोडी गरम झालेली हवा परत यंत्राकडे येते, ती रिटर्न. या दोन वाटांच्या मधोमध एअर हँडलिंग युनिट असते. देखभाल करणारी मंडळी त्याला नुसते एएचयू म्हणतात. पंखा, गार पाणी फिरवणारी कॉइल आणि धूळ गाळणारे फिल्टर अशी त्याची साधी रचना असते. परत आलेली हवा बाहेर सोडून दिली, तर बाहेरची गरम हवा पुन्हा पहिल्यापासून गार करावी लागेल आणि विजेचे बिल परवडणार नाही. म्हणून रिटर्नची बहुतेक हवा, साधारण ८० ते ९० टक्के, थोड्या ताज्या हवेत मिसळून पुन्हा खोल्यांकडे पाठवली जाते. एरवी ही काटकसर योग्यच असते. आगीच्या वेळी मात्र हेच अभिसरण धूर गोळा करते आणि वाटतही सुटते.

इमारतीचे मजले आणि काही भिंती आग ठरावीक वेळ रोखून धरतील अशा बांधलेल्या असतात. एका कप्प्यात लागलेली आग दोन तास तरी तिथेच राहावी, म्हणजे बाकीच्यांना बाहेर पडायला अवधी मिळेल, हा त्यामागचा हेतू असतो. पण डक्टला एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचे, तर त्याच भिंतीला किंवा स्लॅबला मोठे भोक पाडावे लागते. डक्ट असतो जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या जस्ताच्या मुलाम्याच्या पत्र्याचा. तो स्वतः आग अडवू शकत नाही, शिवाय आतून पोकळ. भिंत कितीही भक्कम असली, तरी त्या चौकोनापुरती ती भिंत राहत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी डक्ट भिंत किंवा स्लॅब ओलांडतो त्या जागी आत झडप बसवतात. तिलाच डॅम्पर म्हणतात.

झडप नसेल तर काय होते, हे एका साध्या हिशेबाने समजते. एका कार्यालयीन इमारतीत पाच मजल्यांना मिळून एकच एएचयू आहे असे धरू. प्रत्येक मजला ५०० चौरस मीटरचा आणि तीन मीटर उंच, म्हणजे मजल्यावर १५०० घनमीटर हवा. ताशी सहा वेळा हवा बदलायची, तर प्रत्येक मजल्यावर ताशी ९००० घनमीटर हवा द्यावी आणि तेवढीच बाहेर काढावी लागते. दर दहा मिनिटांना मजल्यावरच्या हवेइतकी हवा डक्टमधून जाऊन येते. मुख्य डक्टमध्ये हवेचा वेग सेकंदाला सात मीटरच्या आसपास असतो, म्हणजे पाच मजल्यांची वीस मीटर उंची ती तीन सेकंदांत पार करते.

आता दुसऱ्या मजल्यावर आग लागली आणि तिथे इतका धूर झाला, की एक मीटरपलीकडचे दिसेना. हा धूर रिटर्नच्या जाळीतून ओढला जाईल आणि उरलेल्या चार मजल्यांच्या स्वच्छ हवेत मिसळेल. त्याची दाटी पाचपटीने कमी होईल, १५ टक्के ताजी हवा मिसळल्यावर आणखी थोडी. धुरातून किती दूरवरचे दिसते ते त्याच्या दाटीच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून पाचही मजल्यांच्या जाळ्यांतून जी हवा बाहेर येईल, तिच्यात फार तर सहा मीटरपर्यंतचे दिसेल. अनोळखी इमारतीत माणसाला वाट शोधायला किमान दहा मीटरपर्यंतचे दिसायला हवे, असे सुरक्षिततेचा आराखडा करणारे अभियंते सामान्यतः धरतात. ज्या मजल्यावर ठिणगीही पडलेली नाही, तिथल्या माणसांना काही मिनिटांतच जिन्याचे दार दिसेनासे होऊ शकते. एएचयूचे फिल्टर इथे कामाला येत नाहीत. ते धुळीसाठी असतात. कार्बन मोनॉक्साईड वायू आहे आणि तो त्यांतून सरळ पार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि आगीतल्या मृत्यूंचे ते एक मोठे कारण आहे.

हे सगळे एकदा प्रत्यक्ष घडले आणि त्याची कसून तपासणीही झाली. २१ नोव्हेंबर १९८० रोजी सकाळी सातच्या सुमारास अमेरिकेतल्या लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग लागली. हे हॉटेल १९७३ साली सुरू झालेले. तळाला प्रचंड कॅसिनो आणि उपाहारगृहे, वर २६ मजल्यांचा टॉवर आणि त्यात सुमारे दोन हजार खोल्या. तळमजल्यावरच्या ‘द डेली’ नावाच्या उपाहारगृहात विजेच्या तारांतल्या दोषामुळे आग धुमसत होती. ती उघड झाल्यावर काही मिनिटांत कॅसिनोभर पसरली, कारण त्या भागात पाण्याचे फवारे नव्हते. अग्निशमन दलाने ज्वाळा खालच्या भागातच रोखल्या. टॉवरच्या वरच्या मजल्यांपर्यंत आग पोहोचलीच नाही.

तरीही गेलेल्या ८५ जणांपैकी ६१ जण टॉवरमध्ये सापडले आणि त्यांतले बहुतेक वरच्या मजल्यांवर होते. कुणी खोलीत, कुणी कॉरिडॉरमध्ये, कुणी जिन्यात, कुणी लिफ्टमध्ये. त्यांचा जीव धुराने घेतला. हा धूर लिफ्टच्या शाफ्टमधून, जिन्यांतून, भूकंपाच्या हालचालीसाठी इमारतीत ठेवलेल्या उभ्या फटींतून आणि वातानुकूलनाच्या डक्टमधून वर गेला. सगळा दोष डक्टच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. वाटा अनेक होत्या. पण यांतली डक्टची वाट अशी होती की ती यंत्र स्वतः चालवत होते आणि ती बंद करण्याची साधने इमारतीत लावलेली होती. धूर येताच हवेची यंत्रणा आपोआप थांबावी अशी व्यवस्था केलेली नव्हती. आणि काही फायर डॅम्पर अशा रीतीने बसवलेले होते, की वेळ आल्यावरही ते मिटू शकले नाहीत.

फायर डॅम्परची रचना समजली की ही चूक किती सहज होते ते कळते. नेहमीच्या नमुन्यात पोलादी चौकट असते आणि तिच्या वरच्या बाजूला पोलादाच्या पट्ट्या घडी घालून अडकवलेल्या असतात, दुकानाचे शटर वर गुंडाळून ठेवावे तशा. ही घडी धरून ठेवते एक लहानशी कडी, जिला फ्युजिबल लिंक म्हणतात. धातूचे दोन तुकडे कमी तापमानाला वितळणाऱ्या डाखाने जोडून ती केलेली असते. डक्टमधली हवा साधारण ७२ अंश सेल्सिअसला पोहोचली की डाख वितळतो, कडी सुटते आणि पट्ट्या खाली पडून डक्ट बंद होतो. भिंतीतल्या डॅम्परच्या पट्ट्या स्वतःच्या वजनाने पडतात. स्लॅबमधला डॅम्पर आडवा असल्याने तिथे वजन उपयोगी पडत नाही, म्हणून स्प्रिंग लावावी लागते. वीज नको, तार नको, पॅनेल नको. इतके साधे आणि स्वस्त साधन आगीविरुद्ध दुसरे क्वचितच असेल, आणि ज्वाळांपुरते ते खरेच चांगले काम करते.

त्याची मर्यादा धुराच्या बाबतीत दिसते. कडीला कळते ती फक्त उष्णता. आगीपासून दूर जाता जाता धूर आजूबाजूच्या हवेत मिसळून निवतो. वीसतीस मीटर गेल्यावर तो पन्नास अंशांचा, कधी त्याहूनही गार असू शकतो. विष मात्र तेवढेच राहते. असा धूर ७२ अंशांच्या कडीखालून खुशाल निघून जातो. सप्लायच्या डक्टमध्ये तर अडचण दुहेरी आहे. एएचयूच्या कॉइलमधून बाहेर पडणारी हवा तेरा-चौदा अंशांची असते. पंखा चालू असेपर्यंत हाच गार वारा कडीवरून वाहत राहतो आणि तिला तापूच देत नाही. आगीच्या पहिल्या दहापंधरा मिनिटांत माणसे बाहेर पडत असतात. नेमक्या त्याच काळात नुसता फायर डॅम्पर उघडा राहण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. इमारतीच्या नकाशावर फायर डॅम्पर दिसला म्हणजे धुराची सोय झाली, ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे.

धूर अडवण्यासाठी स्मोक डॅम्पर असतो. त्याला उघडी पडणारी घडी नसते. आडव्या पात्यांची एक रांग असते आणि कडांना सील लावलेले असते, म्हणजे मिटल्यावर फटी कमीत कमी राहाव्यात. पाती फिरवते एक छोटी मोटर, अॅक्च्युएटर. तिच्यात स्प्रिंग असते. वीजपुरवठा असेपर्यंत मोटर स्प्रिंग ताणून पाती उघडी धरते. वीज गेली किंवा तोडली की स्प्रिंग पाती मिटवते. ही मांडणी मुद्दाम अशी केलेली आहे. आगीत तार जळाली तरी झडप बंदच व्हावी, उघडी राहू नये. दोन्ही गरजा एकत्र भागवणाऱ्या डॅम्परमध्ये ही मोटर आणि उष्णता ओळखणारा भाग असे दोन्ही असतात. हल्लीच्या मोठ्या इमारतींत बहुधा तोच वापरतात. सील असले तरी असा डॅम्पर पूर्ण हवाबंद नसतो. किती गळती चालेल याच्या श्रेण्या प्रमाणित चाचण्यांनी ठरवलेल्या असतात.

मोटरला मिटण्याचा इशारा धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरकडून मिळतो. तो कुठे लावायचा, यात मोठी खोच आहे. वरच्या हिशेबातल्या इमारतीत पाचही मजल्यांची रिटर्न हवा जिथे एकत्र येते, तिथे एकच डिटेक्टर लावला, तर त्याच्यापर्यंत एका मजल्याचा धूर पाचपट पातळ होऊन पोहोचतो. मजल्यावर धूर जाणवण्याइतका झाला, तरी डिटेक्टरला तो उशिरा कळतो. म्हणून प्रत्येक मजल्याची रिटर्न शाखा मुख्य शाफ्टला मिळण्याआधी, त्या शाखेतच डिटेक्टर असायला हवा. सप्लायकडे तो फिल्टरच्या पुढे लावतात, कारण कधी कधी फिल्टर किंवा पंख्याचा पट्टाच पेटतो, आणि तेव्हा एएचयू स्वतःच धुराचे उगमस्थान होते.

आता तीच इमारत नीट केलेली आहे असे समजू. दुसऱ्या मजल्याच्या शाखेतला डिटेक्टर धूर ओळखतो आणि फायर अलार्म पॅनेलला कळवतो. पॅनेल एएचयूचा पंखा थांबवते आणि त्या मजल्याच्या सप्लाय व रिटर्न डॅम्परच्या मोटरची वीज तोडते. स्प्रिंग पाती मिटवतात. त्याला काही सेकंद लागतात, फार तर मिनिटभर. पाती पूर्ण मिटली की त्यांच्यावरचा लिमिट स्विच पॅनेलला तसा उलट संदेश पाठवतो. हा शेवटचा टप्पा अनेक ठिकाणी खर्च वाचवण्यासाठी गाळला जातो. तो नसेल, तर पॅनेलने आज्ञा दिली एवढेच कळते, ती पाळली गेली का ते कळत नाही.

पंखा थांबवणे आणि झडप मिटणे या दोन्ही गोष्टी लागतात. पडदा पद्धतीचे साधे फायर डॅम्पर थांबलेल्या हवेत मिटण्यासाठी केलेले असतात. हवा वेगाने वाहत असेल, तर पट्ट्या मध्येच फडफडत अडकतात. वाहत्या हवेतही मिटणारे डॅम्पर वेगळे असतात आणि तशी त्यांची चाचणी झालेली असते. उलट, नुसता पंखा थांबवूनही भागत नाही. उंच इमारतीच्या शाफ्टमध्ये हवा आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकानेही हलते. थंड प्रदेशात आतली उबदार हवा वर चढते. मुंबईच्या उन्हाळ्यात याच्या उलट होते: आतली गार, जड हवा शाफ्टमधून खाली उतरते. सत्तर मीटर उंचीच्या इमारतीत आत २४ अंश आणि बाहेर ३५ अंश असतील, तर या फरकाने शाफ्टच्या दोन्ही टोकांशी सुमारे १५ पास्कल दाब निर्माण होतो. दार उघडताना हाताला तो जाणवणारही नाही, पण उघड्या डक्टमधून धूर ढकलायला तो पुरतो. म्हणून अशा इमारतीत सुरुवातीचा, अजून फार न तापलेला धूर खालच्या मजल्यांवरही येऊ शकतो. आग आपल्या वर आहे म्हणून आपण सुरक्षित, असे मानता येत नाही.

सगळेच डॅम्पर आगीत मिटायचे नसतात, हेही लक्षात ठेवावे लागते. धूर बाहेर फेकणाऱ्या स्वतंत्र पंख्यांच्या वाटेवरचे डॅम्पर त्या वेळी उघडायला हवेत. तळघरातल्या पार्किंगची धूर काढणारी यंत्रणा अशीच असते. तिथे चुकून नेहमीचा मिटणारा डॅम्पर बसवला, तर पंखा सुरू राहतो आणि धूर मात्र बाहेर पडत नाही. हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या हूडच्या डक्टमध्ये तर नेहमीचे डॅम्पर बसवतच नाहीत, कारण त्यांच्या पात्यांवर चिकट तुपट थर साचतो आणि तोच पेटतो.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत या विषयाची बहुतेक सूत्रे आहेत. शक्य तिथे प्रत्येक मजल्याला वेगळे एएचयू असावे आणि एका मजल्याचे डक्ट दुसऱ्याच्या डक्टला जोडू नयेत, ही त्यांतली सर्वांत मोलाची सूचना. पाच मजल्यांना एक एएचयू ही मांडणीच टाळली, तर वरचा सगळा हिशेब उद्भवत नाही. डक्ट आग-भिंत ओलांडतो तिथे, उभ्या शाफ्टमध्ये शिरतो तिथे आणि मजल्यातून आरपार जातो तिथे डॅम्पर हवा. जिना, सामाईक कॉरिडॉर आणि लिफ्टची लॉबी यांचा रिटर्न हवेची वाट म्हणून वापर करायचा नाही. या शेवटच्या नियमाकडे विशेष काणाडोळा होतो. डक्टचा खर्च वाचवण्यासाठी खोल्यांच्या दारांना जाळ्या लावून कॉरिडॉरमधूनच हवा ओढून घेतली जाते, आणि सुटकेची वाट हीच धुराची वाट होते.

कोलकात्यातल्या एएमआरआय रुग्णालयाला ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे आग लागली, तेव्हा तळघरात साठवलेल्या सामानाचा धूर वरच्या वॉर्डांत पोहोचला. काचांनी बंद केलेल्या त्या इमारतीत सुमारे ९० जण गेले. बहुतेक रुग्ण होते, बहुतेक गुदमरून गेले. आग वर चढली नव्हती. लास व्हेगासच्या घटनेला तेव्हा तीन दशके उलटून गेली होती.

प्रत्यक्षात डॅम्पर कशामुळे निकामी होतात, याची कारणे बहुधा बारीक आणि रोजची असतात. वाहतुकीत किंवा हवेची मोजणी करताना पट्ट्या मध्ये पडू नयेत म्हणून त्या तारेने बांधतात आणि ती तार काढायची राहून जाते. डॅम्पर भिंतीच्या जाडीत बसवण्याऐवजी सोयीसाठी अर्धा मीटर अलीकडे डक्टमध्ये बसवतात. मग डक्ट तापून खाली कोसळला की झडपही त्याच्याबरोबर खाली येते आणि भिंतीत उघडे भोक उरते. म्हणूनच डॅम्परची चौकट भिंतीत स्वतंत्रपणे पक्की असावी आणि डक्टचा जोड असा असावा, की तो तुटला तरी चौकट जागची हलू नये. चौकट आणि भिंत यांच्यातली फट साध्या फोमने भरलेली असते आणि तो फोम जळून जातो. मोटरच्या डॅम्परचे दुखणे वेगळे. एखादी मोटर बिघडली की झडप मिटून बसते, खोली गरम होते, तक्रारी येतात. मग देखभालीचा कर्मचारी पाती उघडून कायमची अडकवून टाकतो. खोली गार होते, तक्रार मिटते, आणि पुढे कुणालाच त्याची आठवण राहत नाही.

हे दोष बाहेरून दिसत नाहीत. तपासायला डॅम्परजवळ डक्टला एक छोटे दार आणि त्याखाली फॉल्स सीलिंगमध्ये उघडता येणारी फळी लागते. ते दार नसेल, तर तो डॅम्पर बसवल्यापासून कुणी पाहिलेला नाही असे खुशाल समजावे. तपासणी अवघड नाही. पडद्याच्या डॅम्परची कडी हाताने सोडायची, पट्ट्या खालपर्यंत पूर्ण पडतात का पाहायचे, गंज आणि कचरा काढायचा, घडी पुन्हा वर चढवून कडी अडकवायची. मोटरच्या डॅम्परची वीज तोडून पाती मिटतात का आणि पॅनेलवर खूण उमटते का, हे पाहायचे. अमेरिकेतल्या प्रमाणानुसार बसवल्यानंतर एका वर्षाने आणि पुढे दर चार वर्षांनी, रुग्णालयांत दर सहा वर्षांनी, प्रत्येक डॅम्पर असा तपासावा लागतो. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने मालकाला किंवा भोगवटादाराला दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून नमुना ‘ब’ चे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यासाठीच्या पाहणीत पंप, होज आणि अग्निशामक नळकांडी नजरेसमोर असतात. छतावर दडलेले डॅम्पर सुटून जाणे सोपे असते. त्यांचा उल्लेख अहवालात आहे का, हे मालकाने स्वतःच विचारायला हवे.

घरात स्प्लिट एसी असलेल्यांना डक्टची ही चिंता नाही, कारण तो त्या खोलीचीच हवा फिरवतो. पण कार्यालय, मॉल, नाट्यगृह किंवा रुग्णालय इथे आपले दिवस जातात, आणि तिथे साध्या माणसालाही एक गोष्ट पाहता येते. पुढच्या अग्निशमन सरावात अलार्म वाजला की कागदाचा पातळ कपटा रिटर्नच्या जाळीला लावून पाहावा. धूर काढण्याची वेगळी व्यवस्था सुरू होत नसेल, तर मिनिटाभरात ओढ थांबून तो खाली पडायला हवा. तो जाळीला चिकटूनच राहिला, तर इमारतीच्या व्यवस्थापनाला लेखी कळवावे आणि डॅम्परची यादी, त्यांच्या जागा आणि शेवटच्या चाचणीची तारीख मागावी.